विभवांतराने गती दिलेल्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी कशी काढावी : गणिताचा योग्य क्रम आणि नेहमीच्या चुका

बारावीच्या आणि पदवीच्या पहिल्या वर्षाच्या वह्या तपासताना एकच प्रश्न मला दरवर्षी चुकलेला सापडतो : "५४ व्होल्ट विभवांतरातून गेलेल्या इलेक्ट्रॉनची डी ब्रॉग्ली तरंगलांबी काढा." सूत्र बहुतेकांना पाठ असते. चुकतो तो क्रम. कोणी ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्टमध्येच ठेवून पुढे जातो, कोणी इलेक्ट्रॉनला फोटॉनचे सूत्र लावतो, तर कोणी सगळे बरोबर मांडून वर्गमूळ काढताना दहाच्या घातांकात घसरतो. या लेखात हेच ५४ व्होल्टचे उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवले आहे आणि प्रत्येक टप्प्यावर हात कुठे चुकतो ते त्या चुकीच्या उत्तरासह दाखवले आहे, कारण चुकीचा आकडा ओळखता आला की मागे जाऊन चूक शोधणे सोपे जाते.

संपूर्ण गणिताचा कणा एवढाच आहे :

```
λ = h / p
```

तरंगलांबी संवेगावर अवलंबून असते. ती थेट ऊर्जेवर किंवा थेट विभवांतरावर ठरत नाही. म्हणून प्रश्नात काहीही दिलेले असो, आपले पहिले काम संवेग मिळवणे हेच असते. विभवांतरापासून ऊर्जा, ऊर्जेपासून संवेग आणि संवेगापासून तरंगलांबी हा क्रम सोडू नये.

## टप्पा १ : प्रश्नात नेमके काय दिले आहे ते वेगळे करा

गणित सुरू करण्यापूर्वी दोन गोष्टी कागदावर लिहाव्यात. पहिली, कण कोणता आहे. दुसरी, त्याच्या गतीविषयीची माहिती कोणत्या स्वरूपात दिली आहे. ही माहिती तीनपैकी एका स्वरूपात येते : कणाचा वेग मीटर प्रति सेकंदात दिलेला असतो, गतिज ऊर्जा दिलेली असते, किंवा कण ज्या विभवांतरातून गेला ते विभवांतर दिलेले असते.

वेग दिला असेल तर काम सर्वांत कमी असते. वस्तुमानाला वेगाने गुणले की संवेग मिळतो आणि आपण थेट पाचव्या टप्प्यावर जाऊ शकतो. गतिज ऊर्जा दिली असेल तर चौथ्या टप्प्यापासून सुरुवात होते, अर्थात ती ज्यूलमध्ये आहे याची खात्री करून. विभवांतर दिले असेल तर तिसरा टप्पा टाळता येत नाही.

सावधान : विभवांतरासाठी मोठा V आणि वेगासाठी लहान v वापरण्याची पद्धत हस्ताक्षरात घातक ठरते. एका विद्यार्थिनीच्या वहीत मी पाहिले, की तिने दुसऱ्या ओळीत eV लिहिले, चौथ्या ओळीत तोच V वेग समजून mV मध्ये घातला आणि संवेग म्हणून वस्तुमान गुणिले ५४ असा आकडा पुढे नेला. पानभर गणित नीटनेटके होते, पण त्यातला इलेक्ट्रॉन सेकंदाला ५४ मीटर एवढ्याच वेगाने चालला होता. हाताने लिहिताना वेगासाठी u हे अक्षर घ्यावे, किंवा विभवांतराच्या V खाली आडवी रेघ मारावी. हा उपाय क्षुल्लक दिसतो, पण त्याने गुण वाचतात.

आपल्या उदाहरणात कण इलेक्ट्रॉन आहे, विभवांतर ५४ व्होल्ट आहे आणि इलेक्ट्रॉन स्थिर अवस्थेतून निघाला आहे असे गृहीत धरले आहे. हे शेवटचे गृहीतक प्रश्नात बहुधा लिहिलेले नसते. प्रत्यक्षात तापलेल्या तंतूतून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनला स्वतःची थोडी ऊर्जा असते, पण ती एका इलेक्ट्रॉनव्होल्टच्या काही दशांशांइतकीच असते. ५४ पुढे ती सोडून देता येते. विभवांतरच एखाददुसऱ्या व्होल्टचे असते, तर तिच्याकडे दुर्लक्ष करता आले नसते.

## टप्पा २ : सर्व राशी मूळ एककांत आणा

आता लागणारे स्थिरांक एकाच ठिकाणी, एककांसह लिहून घ्यावेत. गणिताच्या मध्यात पुस्तक उघडून आकडा शोधणाऱ्याकडून एककाची चूक हमखास होते.

```
h = 6.626 × 10⁻³⁴ J s
m = 9.109 × 10⁻³¹ kg
e = 1.602 × 10⁻¹⁹ C
V = 54 V
```

येथे वस्तुमान किलोग्रॅममध्येच हवे. काही जुन्या तक्त्यांत इलेक्ट्रॉनचे वस्तुमान ग्रॅममध्ये, म्हणजे १० च्या उणे २८ व्या घातात छापलेले असते. तो आकडा तसाच घेतला तर विभवांतराच्या मार्गाने गेलेले उत्तर हजाराच्या वर्गमूळाने, म्हणजे सुमारे ३२ पटीने लहान येते. विभवांतर किलोव्होल्टमध्ये दिले असेल तर ते येथेच व्होल्टमध्ये बदलावे. पुढे बदलू असे म्हणून ठेवलेला "किलो" पुढे विसरला जातो.

तपासणी : तीनही स्थिरांकांच्या शेजारी एकक लिहिले आहे का ते पाहा. लिहिले नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३ : विभवांतरापासून गतिज ऊर्जा

प्रभार असलेला कण विभवांतरातून जातो तेव्हा त्याला प्रभार गुणिले विभवांतर एवढी गतिज ऊर्जा मिळते.

```
K = eV
  = 1.602 × 10⁻¹⁹ × 54
  = 8.651 × 10⁻¹⁸ J
```

सर्वांत मोठा गोंधळ याच ओळीत होतो. "५४ व्होल्टमधून गेलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा ५४ इलेक्ट्रॉनव्होल्ट" हे वाक्य अगदी बरोबर आहे. पण h ज्यूल सेकंदात आणि m किलोग्रॅममध्ये घेतलेल्या गणितात ५४ हा आकडा घालता येत नाही. तेथे ज्यूलच हवेत. eV ही दोन अक्षरे कधी एककाचे नाव असतात आणि कधी दोन राशींचा गुणाकार, म्हणून नजर फसते. K = eV या सूत्रात e म्हणजे १.६०२ गुणिले १० चा उणे १९ वा घात, आणि ते गुणावेच लागते.

समजा ते गुणले नाही आणि K च्या जागी ५४ घातले. मग तरंगलांबी सुमारे ६.७ गुणिले १० चा उणे २० वा घात मीटर येते. अणुकेंद्राचा आकार १० च्या उणे १५ व्या घाताच्या आसपास असतो, म्हणजे हे उत्तर अणुकेंद्राहूनही हजारो पटींनी लहान आहे. ५४ व्होल्टच्या साध्या विभवांतरातून गेलेल्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी एवढी लहान असणे शक्य नाही. उत्तरात उणे २० च्या आसपासचा घातांक दिसला की प्रथम हीच ओळ तपासावी.

## टप्पा ४ : गतिज ऊर्जेपासून संवेग

येथे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही एकाच ठिकाणी पोहोचतात. पहिल्या मार्गात आधी वेग काढतात आणि मग त्याला वस्तुमानाने गुणतात. दुसऱ्या मार्गात वेग न काढता थेट संवेग मिळवतात :

```
p = √(2mK)
```

मी विद्यार्थ्यांना दुसरा मार्ग घ्यायला सांगतो, कारण त्यात एक आकडेमोड कमी आहे. तरीही वेग एकदा काढून पाहणे उपयोगाचे असते. कशासाठी ते आठव्या टप्प्यात दिसेल.

आकडे घालू :

```
2mK = 2 × 9.109 × 10⁻³¹ × 8.651 × 10⁻¹⁸
    = 1.576 × 10⁻⁴⁷
```

येथे थांबावे. घातांक उणे ४७ आहे, तो विषम आहे आणि त्याचा निम्मा पूर्णांक नाही. वर्गमूळ काढण्यापूर्वी घातांक सम करून घ्यावा लागतो. त्यासाठी दशांशचिन्ह एक घर उजवीकडे सरकवून घातांक एकाने कमी करायचा :

```
1.576 × 10⁻⁴⁷ = 15.76 × 10⁻⁴⁸
p = √15.76 × 10⁻²⁴
  = 3.970 × 10⁻²⁴ kg m/s
```

ज्यांना घाई असते ते १.५७६ चे वर्गमूळ १.२५५ काढतात आणि उणे ४७ चा निम्मा "जवळपास उणे २३" असा धरतात. या चुकीमुळे संवेग ३.१६ पट मोठा येतो आणि तरंगलांबी ०.०५२८ नॅनोमीटर निघते. हे उत्तर पकडणे फार अवघड असते, कारण ते हास्यास्पद दिसत नाही. उलट हायड्रोजन अणूची बोर त्रिज्या ०.०५२९ नॅनोमीटर असल्यामुळे आकडा ओळखीचा वाटतो आणि विद्यार्थी निश्चिंत होतो. हा निव्वळ योगायोग आहे. उत्तर खऱ्या उत्तराच्या सुमारे ३.१६ पट मोठे किंवा तितकेच लहान दिसले, तर विषम घातांकाचे वर्गमूळ चुकले असे समजावे, कारण ३.१६ हे १० चे वर्गमूळ आहे.

तपासणी : मिळालेल्या संवेगाचा वर्ग करून पाहा. ३.९७० चा वर्ग १५.७६ येतो आणि उणे २४ ची दुप्पट उणे ४८ होते. हे जुळले तर वर्गमूळ बरोबर आहे. यासाठी दहा सेकंद पुरतात.

पहिल्या मार्गानेही एकदा जाऊन पाहू :

```
u = √(2K/m) = 4.358 × 10⁶ m/s
p = mu = 3.970 × 10⁻²⁴ kg m/s
```

वेग सेकंदाला सुमारे ४४ लाख मीटर आहे, म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या दीड टक्क्याहूनही थोडा कमी. यावरून साधे सूत्र येथे निर्धास्तपणे चालते हे कळते.

## टप्पा ५ : संवेगाने h ला भागा

```
λ = 6.626 × 10⁻³⁴ / (3.970 × 10⁻²⁴)
  = 1.669 × 10⁻¹⁰ m
  = 0.1669 nm
```

कागदावर ही पायरी सोपी आहे. कॅल्क्युलेटरवर मात्र नाही. h भागिले m गुणिले u अशी बटणे एका ओळीत दाबली, तर यंत्र h ला m ने भागते आणि येणाऱ्या आकड्याला u ने गुणते. वर काढलेला वेग घेऊन असे केले तर उत्तर ३१७० येते, म्हणजे तीन किलोमीटरहून लांब तरंग. छेदाला कंस घालणे हा यावरचा एकच उपाय आहे :

```
6.626E-34 / (9.109E-31 × 4.358E6)
```

दहाचा घात घालण्यासाठी कॅल्क्युलेटरवर असलेले EXP किंवा ×10ˣ हे खास बटण वापरावे. "गुणिले १० घात उणे ३१" असे सुटे बटण दाबून लिहिल्यास कंसांची संख्या वाढते आणि एखादा कंस राहून जातो. EXP बटणाने घातलेला संपूर्ण आकडा यंत्र एकच संख्या समजते. मात्र EXP दाबल्यावर पुन्हा १० दाबू नये. तसे केल्यास घातांकाच्या जागी भलताच आकडा बसतो.

फोटॉनचे सूत्र लावू नका. ऊर्जेवरून तरंगलांबी म्हटले की अनेकांचा हात λ = hc/E कडे जातो. ते सूत्र फोटॉनचे आहे, कारण फोटॉनचा संवेग E/c असतो. इलेक्ट्रॉनला वस्तुमान आहे, त्यामुळे त्याचा संवेग आणि ऊर्जा यांचे नाते वेगळे आहे. ५४ इलेक्ट्रॉनव्होल्टला हे सूत्र लावले तर सुमारे २३ नॅनोमीटर उत्तर येते, म्हणजे खऱ्या उत्तराच्या जवळजवळ १३८ पट. ५४ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या फोटॉनसाठी हा आकडा बरोबर आहे, इलेक्ट्रॉनसाठी नाही. इलेक्ट्रॉनच्या गणितात c हे अक्षर दिसले, तर आपण ते कशासाठी आणले हे स्वतःला विचारावे. त्याला एकच रास्त कारण आहे आणि ते आठव्या टप्प्यात येते.

## टप्पा ६ : उत्तर पारखून घ्या

पारखण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे थेट सूत्र. इलेक्ट्रॉनसाठी h, m आणि e हे तिन्ही ठरलेले असल्यामुळे त्यांचा एकत्रित आकडा एकदाच काढून ठेवता येतो :

```
λ = 1.226 / √V     (λ नॅनोमीटरमध्ये, V व्होल्टमध्ये)
```

५४ चे वर्गमूळ ७.३४८. त्याने १.२२६ ला भागले की ०.१६७ नॅनोमीटर मिळतात. काही पुस्तकांत १.२२७ छापलेले असते. तो फरक स्थिरांक किती अंकांपर्यंत घेतले यामुळे पडतो आणि त्यासाठी डोके खपवू नये. हे सूत्र मी मुद्दाम सहाव्या टप्प्यावर ठेवले आहे. जे सुरुवातीलाच ते वापरतात ते प्रोटॉनच्या प्रश्नातही १.२२६ च घालतात आणि ४ किलोव्होल्ट दिलेले असताना वर्गमुळात ४००० ऐवजी ४ घालतात. पडताळ्यासाठी ते उत्तम आहे; संवेगाची जागा मात्र त्याला देऊ नये.

दुसरा मार्ग प्रयोगाचा आहे. ५४ व्होल्ट हा आकडा पाठ्यपुस्तकांत उगाच आलेला नाही. डेव्हिसन आणि गर्मर यांच्या १९२७ मधील प्रयोगात ५४ व्होल्टच्या इलेक्ट्रॉनांचा झोत निकेलच्या स्फटिकावरून ५० अंशांच्या कोनात ठळकपणे विखुरलेला दिसला. स्फटिकाच्या पृष्ठभागावरील अणूंच्या ओळींमधील अंतर ०.२१५ नॅनोमीटर. ५० अंशांचे साइन ०.७६६. विवर्तनाच्या नियमानुसार दोहोंचा गुणाकार म्हणजेच तरंगलांबी; ती ०.१६५ नॅनोमीटर येते, आणि आपण संवेगावरून काढलेले उत्तर ०.१६७ आहे. फक्त वस्तुमान, प्रभार आणि विभवांतर घेऊन केलेले गणित स्फटिकावर मोजलेल्या कोनाशी जवळपास सव्वा टक्क्याच्या आत जुळते. उत्तर अणूंमधील अंतराएवढ्या मापाचे आहे की नाही, हीच या गणितातली सर्वांत उपयोगी कसोटी आहे. काही दहा ते काही शे व्होल्टच्या इलेक्ट्रॉनसाठी ते तसेच यायला हवे.

तिसरा मार्ग प्रयोगशाळेत डोळ्यांनी पाहता येतो. इलेक्ट्रॉन विवर्तनाची काचेची नळी अनेक महाविद्यालयांत असते. तिच्यात ग्रॅफाइटचा अतिशय पातळ पापुद्रा आणि त्यासमोर चमकणारा पडदा असतो. खोलीत अंधार केला की पडद्यावर मधोमध एक तेजस्वी ठिपका आणि त्याभोवती दोन हिरवट वलये दिसतात. विभवांतराचे बटण हळूहळू वाढवले की वलये आकसतात आणि अधिक उजळ होतात. वलय मोठे म्हणजे तरंगलांबी मोठी, म्हणून विभवांतर वाढले की तरंगलांबी घटते, हे येथे प्रत्यक्ष दिसते. तुमच्या गणितात विभवांतराबरोबर तरंगलांबी वाढत असेल, तर भागाकार उलटा झाला आहे.

या वलयांवरून आकडाही काढता येतो. पापुद्र्यापासून पडद्याचे अंतर L, वलयाचा व्यास D आणि ग्रॅफाइटमधील प्रतलांचे अंतर d असेल तर लहान कोनांसाठी

```
λ = D d / (2L)
```

L १३.५ सेंटिमीटर असलेल्या नळीवर ४००० व्होल्ट दिले, तर तरंगलांबी ०.०१९४ नॅनोमीटर येते आणि ०.२१३ नॅनोमीटर अंतराच्या प्रतलांमुळे होणाऱ्या आतल्या वलयाचा व्यास सुमारे २.४६ सेंटिमीटर असायला हवा. ०.१२३ नॅनोमीटर अंतराच्या प्रतलांचे वलय बाहेरचे असते, सुमारे ४.२६ सेंटिमीटर व्यासाचे. लहान अंतराचे वलय मोठे असते, हे ध्यानात न घेतल्यामुळे दोन्ही d ची अदलाबदल होते आणि दोन वलयांवरून दोन वेगळ्या तरंगलांबी निघतात. तसे झाले तर मोजणीला दोष देण्यापूर्वी d तपासावे. व्यास D असतो आणि त्रिज्या त्याच्या निम्मी, हेही पाहून घ्यावे. त्रिज्या घातली की उत्तर नेमके निम्मे येते.

सावधान : नळीची जोडणी बदलण्यापूर्वी विभवांतर शून्यावर आणून पुरवठा बंद करावा. तंतू तापल्याशिवाय उच्च विभवांतर देऊ नये, आणि झोत उपकरणाच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेपलीकडे वाढवू नये. ग्रॅफाइटचा पापुद्रा जळाला तर नळी निकामी होते.

उत्तरात किती अंक लिहावेत हेही येथेच ठरते. तरंगलांबी विभवांतराच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे विभवांतरातील एक टक्का अनिश्चिततेमुळे तरंगलांबीत अर्धा टक्का अनिश्चितता येते. ५४ व्होल्ट दोनच अंकांत दिलेले असताना ०.१६६८९४ असे उत्तर लिहिण्यात अर्थ नाही, ०.१६७ पुरेसे आहे.

## टप्पा ७ : इलेक्ट्रॉनऐवजी दुसरा कण असेल तर

क्रम तोच राहतो, फक्त वस्तुमान आणि प्रभार बदलतात :

```
λ = h / √(2mqV)
```

प्रोटॉनचा प्रभार इलेक्ट्रॉनएवढाच, पण वस्तुमान १८३६ पट. १८३६ चे वर्गमूळ ४२.८५, म्हणून त्याच ५४ व्होल्टला प्रोटॉनची तरंगलांबी इलेक्ट्रॉनच्या ४२.८५ पटीने लहान, म्हणजे ०.००३९ नॅनोमीटर येते. अल्फा कणाच्या बाबतीत प्रभार दुप्पट असतो हे विसरले जाते. त्याचे वस्तुमान प्रोटॉनच्या सुमारे चौपट आणि प्रभार दुप्पट, त्यामुळे वर्गमुळात आठ पटीचा फरक पडतो, चार पटीचा नाही. एकाच विभवांतराला त्याची तरंगलांबी प्रोटॉनच्या सुमारे २.८ पटीने लहान असते. "समान गतिज ऊर्जा" आणि "समान विभवांतर" या दोन वाक्यांतला फरक येथे महत्त्वाचा ठरतो : समान ऊर्जा दिली असेल तर प्रभाराचा संबंधच उरत नाही.

## टप्पा ८ : विभवांतर मोठे असेल तेव्हा

आतापर्यंतचे सूत्र वेग प्रकाशाच्या वेगापेक्षा बराच कमी असताना चालते. हजार व्होल्टला त्याची चूक ०.०५ टक्के असते आणि दहा हजार व्होल्टला अर्धा टक्का. विवर्तन नळीच्या तीन ते पाच किलोव्होल्टला सापेक्षतेची दुरुस्ती लागत नाही, कारण वलयाचा व्यास मोजण्यातलीच चूक तिच्याहून कितीतरी मोठी असते. पण अनेक इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकांत लाखभर किंवा त्याहून अधिक व्होल्ट वापरतात आणि तेथे हे सूत्र कमी पडते.

λ = h/p हे नाते बदलत नाही. बदलते ते ऊर्जा आणि संवेग यांचे नाते :

```
pc = √(K² + 2K·mc²)
λ  = hc / (pc)
```

वर म्हटलेले c आणण्याचे रास्त कारण ते हेच. या गणितात ऊर्जा किलोइलेक्ट्रॉनव्होल्टमध्येच ठेवणे सोयीचे असते, फक्त सर्वच राशी त्या एककात हव्यात : इलेक्ट्रॉनसाठी mc² म्हणजे ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि hc म्हणजे १.२४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट नॅनोमीटर. एक लाख व्होल्टसाठी K १०० होतो :

```
pc = √(100² + 2 × 100 × 511)
   = √112200 = 335.0 keV
λ  = 1.240 / 335.0 = 0.00370 nm
```

उत्तर ३.७० पिकोमीटर आले. साध्या सूत्राने ३.८८ पिकोमीटर आले असते, म्हणजे जवळपास पाच टक्के जास्त.

येथे एक अर्धवट दुरुस्ती वारंवार केली जाते आणि ती मूळ चुकीपेक्षा वाईट असते. विद्यार्थी आधी साध्या सूत्राने वेग काढतो, तो १.८८ गुणिले १० चा ८ वा घात येतो. मग त्याच वेगावरून सापेक्षतेचा गॅमा गुणक काढतो, तो १.२८ येतो, आणि संवेगाला त्याने गुणतो. तरंगलांबी ३.०३ पिकोमीटर निघते, म्हणजे खऱ्या उत्तराच्या १८ टक्के खाली. चूक अशी, की तो वेगच खरा नव्हता. खरा वेग १.६४ गुणिले १० चा ८ वा घात आहे आणि खरा गॅमा १.२० च्या जवळ. दुरुस्ती करायची तर ती ऊर्जेपासून सुरू करावी; साध्या सूत्राने काढलेल्या वेगावर चढवू नये.

दुरुस्ती लागते की नाही हे ठरवण्यासाठी चौथ्या टप्प्यातला वेग कामी येतो. साध्या सूत्राने काढलेला वेग प्रकाशाच्या वेगाच्या दहा टक्क्यांच्या आत असेल तर तरंगलांबीतील चूक पाव टक्क्याच्याही खाली राहते आणि दुरुस्ती सोडून देता येते. त्याहून जास्त असेल, आणि विवर्तन नळीप्रमाणे मोजणीतलीच चूक मोठी नसेल, तर वरचे सूत्र घ्यावे. तीन लाख व्होल्टला साधे सूत्र इलेक्ट्रॉनचा वेग ३.२५ गुणिले १० चा ८ वा घात मीटर प्रति सेकंद देते, म्हणजे प्रकाशाहून अधिक. एवढे दिसूनही त्याच वेगावरून काढलेली २.२४ पिकोमीटर ही तरंगलांबी मी उत्तरपत्रिकेत अधोरेखित केलेली पाहिली आहे. बरोबर उत्तर १.९७ पिकोमीटर आहे.